पडताच धावणारा वर्ग

आदरणीय बाई,
मी बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीत आहे आणि शाळेची विद्यार्थी प्रतिनिधी आहे. जानेवारीअखेर आमचा निरोप समारंभ आहे. वर्गाच्या वतीनं मला पाच मिनिटं बोलायचंय. मराठीच्या तासांनी आमचा वर्ग कसा घडला तेच सांगायचंय, कारण ते खरंच घडलंय. पण लिहायला बसलं की 'साहित्याने आम्हांला संस्कार दिले' असलंच काहीतरी उतरतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, छान झालंय. मला मात्र मोठ्यानं वाचताना ते कुणाचंही भाषण वाटतं. कच्चं भाषण आणि माझ्या वहीतल्या आठवणींची पानं सोबत पाठवतेय. काय ठेवू आणि काय काढू?
— दहावीतली एक विद्यार्थिनी

अगं, तुझं भाषण आणि तुझी वही शेजारी शेजारी ठेवून दोनदा वाचली. तू जे भाषण शोधतेयस ते वहीच्या तिसऱ्या आणि पाचव्या पानावर आहे. पाचव्या पानावरचं तू पेनानं खोडलंयस. त्याबद्दल पुढे बोलते.

कच्च्या भाषणात तू सहा धडे-कविता घेतल्यास आणि प्रत्येकीला एकेक वाक्य दिलंस. संत नामदेवांच्या अभंगातून भक्ती आणि वात्सल्य शिकलो, 'दोन दिवस'मधून श्रमाचं मोल कळलं, मोरोपंतांच्या 'भरतवाक्या'तून सुसंगतीचं महत्त्व पटलं, आणि असंच पुढे. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही सगळी 'कवितेतून मिळणारा संदेश लिहा' या प्रश्नाची उत्तरं आहेत, दोन-दोन गुणांची. वर्षभर तुम्ही तशीच उत्तरं लिहिलीत, म्हणून हातातून तीच येतात. तेच पाठ्यपुस्तक राज्यभर आहे. त्यामुळे ती सहा वाक्यं कोल्हापूरच्या मुलीनंही लिहिली असती आणि गोंदियाच्याही. तुमच्या वर्गातली एकोणचाळीस मुलं त्यात कुठेच दिसत नाहीत. तुला ते परकं वाटतं ते यामुळे.

आता तिसरं पान. 'अंकिला मी दास तुझा' हा अभंग शिकवताना मॅडमनी एका ओळीतल्या एका शब्दाखाली रेघ मारायला लावली, असं तू लिहिलंयस.

सवेंचि झेपावें पक्षिणी ।
पिली पडतांचि धरणीं ॥

रेघ 'पडतांचि'खाली. मग त्यांनी विचारलं, "'पडल्यावर' आणि 'पडताच' यांत किती वेळ जातो?" कुणी म्हणालं एक मिनिट, कुणी म्हणालं एक सेकंद. आणि एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पक्षिणीचं आधीपासून लक्ष असेल तरच पडताच. नाहीतर पडल्यावर." मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. हा अभंग कितीतरी वेळा शिकवला. 'सवेंचि' म्हणजे लगोलग, एवढा अर्थ सांगून मी पुढे जात असे. त्या लगोलगच्या मागे आधीपासून लावलेले डोळे असतात, हे मला तुझ्या वर्गमैत्रिणीनं शिकवलं. तिला माझा निरोप दे.

त्याच तासाला दुसरी गोष्ट घडली. पुढची ओळ होती, 'भुकेलें वत्सरावें । धेनु हुंबरत धांवे'. पुस्तकात अर्थ दिलेला, भुकेल्या वासराच्या आवाजानं गाय हंबरत धावते. तेव्हा मागच्या बाकावरचा, तोवर तासाला कधी तोंड न उघडलेला मुलगा म्हणाला, "हंबरणं वेगळं आणि हे वेगळं. वासरू लांब असलं की गाय तोंड उघडून ओरडते. वासरू दिसलं की तोंड मिटून घशातल्या घशात आवाज काढते." आणि त्यानं तो आवाज काढून दाखवला. वर्ग आधी हसला, मग एकदम गप्प झाला. ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांना तो आवाज ओळखीचा होता आणि त्यांनी माना हलवल्या. मॅडमनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि तो शब्द त्याच्या हातानं लिहायला लावला. 'हुंबरत' हा शब्द म्हणून बघ, 'हुं' म्हणताना ओठ जवळजवळ मिटतात. कवीला तोच आवाज ऐकू आला होता का, हे आपण ठामपणे म्हणू शकत नाही. पण गोठ्यात राहिलेल्या मुलाच्या कानाला ती ओळ जशी ऐकू आली तशी शहरातल्या मास्तरला ऐकू येत नाही, हे मात्र खरं.

अभंगाच्या रचनेतलीही एक गोष्ट तुझ्या हाताशी असू दे. भाषणात ती येणार नाही, पण तू कशाबद्दल बोलतेयस हे तुला पक्कं ठाऊक असलं की आवाजात फरक पडतो. पहिल्या चित्रात बाळ आगीत पडतं आणि आई धावते. दुसऱ्यात पिल्लू खाली पडतं आणि पक्षीण झेपावते. बाळ किंवा पिल्लू हाक मारतं, असा उल्लेखच नाही. वासराचा आवाज मात्र ऐकू येतो, तो भुकेचा. मग वणवा लागल्यावर पाडसाच्या काळजीनं हरणी व्याकूळ होते. आणि शेवटी नामदेव स्वतःला कुठे उभं करतात? 'नामा म्हणे मेघा जैसा । विनवितो चातक तैसा'. 'तैसा धांवें माझिया काजा' ही हाक दुसऱ्याच ओळीत आहे, पण चित्रांमध्ये विनवणारा येतो तो थेट या शेवटच्या ओळीत. ज्यांना मागता येत नाही त्यांच्यापासून सुरू होऊन अभंग मागणाऱ्यापर्यंत पोचतो. तुमच्या वर्गानं यातली पहिली बाजू उचलली. न मागता धावायचं.

आणि ती नुसती वहीत राहिली नाही, हे तूच लिहिलंयस. ऑगस्टमध्ये एका मुलीची आई दवाखान्यात होती आणि ती नऊ दिवस शाळेत आली नाही. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं, "पडताच!" आणि तुम्ही बाकाबाकांवर विषय वाटून घेतलेत. एका बाकानं गणित उतरवायचं, एकानं विज्ञान. रोज संध्याकाळी तिच्या वस्तीवरचा मुलगा त्या वह्या घेऊन जायचा. ती दहाव्या दिवशी आली तेव्हा तिचं काहीच राहिलेलं नव्हतं. त्यानंतर 'पडताच' हा तुमच्या वर्गाचा शब्द झाला. कुणाची चाचणी बिघडली, कुणाचा डबा राहिला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "पडताच."

साहित्याच्या तासानं वर्ग घडला याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या अभंगातला एक शब्द तुमच्या मधल्या सुट्टीत आला आणि कामाला लागला. भाषणात एवढंच सांग. पण 'अभंगामुळे आम्ही चांगले झालो' असं म्हणू नकोस. वह्या उतरवून देणारी मुलं अभंग शिकण्याआधीही तुमच्यात असणार. अभंगानं त्यांना एक शब्द दिला, आणि शब्द मिळाल्यामुळे जे एकेकटं घडलं असतं ते वर्गानं मिळून केलं. दावा इतकाच ठेवलास तर समोर बसलेला प्रत्येक जण तो मान्य करेल.

आता पाचवं पान. दिवाळीनंतर एक बाक रिकामा राहिला. तो मुलगा घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला. तू लिहिलंयस, 'तेव्हा कुणीच पडताच म्हणालं नाही', आणि ही ओळ आडव्या रेघेनं खोडलीयस. निरोपाच्या दिवशी असलं कशाला, असं वाटलं असेल. मी सांगते, ती ओळ परत घे. तुझ्या सगळ्या पानांत तीच मला सर्वांत खरी वाटली. नुसती वह्यांची गोष्ट सांगितलीस तर ते वर्गाचं कौतुक होईल आणि टाळ्या पडतील. तिच्या शेजारी ही ओळ ठेवलीस तर ऐकणाऱ्याला कळेल की तुम्ही तो शब्द खरोखर शिकलात, कारण तो कुठे कमी पडला हेही तुम्हाला दिसतंय.

पण ती ओळ सांगायची कशी, याला फार जपावं लागेल. त्याचं नाव घेऊ नकोस, जरी समोरच्या सगळ्यांना ते माहीत असलं तरी. त्याच्या घरच्या परिस्थितीचं वर्णन करू नकोस. त्याच्या आईवडलांनी त्याला का नेलं, यावर एक शब्द बोलू नकोस, तो तुझा विषय नाही. तुझा विषय एवढाच की तुमचं लक्ष नव्हतं. आणि इथे एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवते. 'दोन दिवस'मध्ये नारायण सुर्व्यांनी कष्टकऱ्याच्या हातांविषयी लिहिलंय, ते हात दारिद्र्याकडे गहाण राहिले, असं. ऊसतोड, कोयता, हात, सगळं जुळतंय असं वाटून ती कविता तू त्याला जोडू पाहशील. जोडू नकोस. कविता मोठीच आहे, पण अशा वेळी ती त्याच्यावर चिकटवली की तो तुमचा मित्र राहत नाही, कवितेचं उदाहरण होतो. कच्च्या भाषणातलं 'दोन दिवस' पूर्ण काढ. बाकीचे तीन धडेही काढ. अभंग राहू दे, आणि शेवटासाठी मोरोपंत.

मधला भाग कसा दिसेल ते मी तुझ्याच शब्दांतून जुळवून देते. तसाच्या तसा घेऊ नकोस. पूर्वी एका शाळेत असताना मी एका मुलीचं निरोपाचं भाषण बसून सुधारून दिलं होतं. प्रत्येक वाक्य घोटून. तिनं ते बिनचूक वाचलं आणि तिच्याच वर्गातल्या मुलांनी मान वर केली नाही, कारण तो आवाज त्यांच्या मैत्रिणीचा नव्हता, माझा होता. त्या मुलीचा तो एकमेव दिवस मी घेतला, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे फक्त वळण बघण्यापुरतं वाच.

"जूनमध्ये मॅडमनी आम्हाला एका शब्दाखाली रेघ मारायला लावली. शब्द होता 'पडतांचि'. पिल्लू पडताच पक्षीण झेपावते. मॅडमनी विचारलं, पडल्यावर आणि पडताच यांत किती वेळ? आमच्यातली एक म्हणाली, पक्षिणीचं आधीपासून लक्ष असेल तरच पडताच. ऑगस्टमध्ये आमची एक मैत्रीण नऊ दिवस आली नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, पडताच. दहाव्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या सगळ्या वह्या पूर्ण होत्या. दिवाळीनंतर आमच्या वर्गातला एक बाक रिकामा राहिला. त्या दिवशी कुणीच काही म्हणालं नाही. आमचं लक्ष नव्हतं. नववीच्या मुलांनो, जूनमध्ये तुम्ही हाच अभंग शिकाल. त्या शब्दाखाली रेघ मारा."

बघ, यात 'संस्कार', 'वात्सल्य', 'मोल' यांतला एकही शब्द नाही आणि तरी मराठीच्या तासानं काय केलं ते सगळं आलं. 'आमचं लक्ष नव्हतं' म्हटल्यावर थांब. मनात चार आकडे मोज आणि मग नववीकडे वळ. समारंभ त्यांनीच केलेला असतो, खाली सतरंजीवर तेच बसलेले असतात आणि बहुतेक भाषणांत त्यांना 'बालमित्रांनो' यापलीकडे काही मिळत नाही.

'हुंबरत'ची गोष्ट या तुकड्यात मी घेतली नाही, ती मुद्दाम बाजूला ठेवलीय. ती भाषणाच्या सुरुवातीला येऊ शकते आणि फार छान येईल, पण ज्याची ती आहे त्याला विचारल्याशिवाय नाही. तो हो म्हणाला तर तो आवाज त्यानंच जागेवरून काढावा. तू माइकवरून काढलास तर लोक हसतील, आणि ते हसणं त्याच्या वाट्याला जाईल. तो नाही म्हणाला तर ही गोष्ट वहीतच ठेव. ज्या मैत्रिणीची आई आजारी होती, तिलाही विचार. आपल्या घरचा दवाखाना व्यासपीठावरून ऐकायला कुणाला आवडेल, कुणाला नाही. म्हणूनच वरच्या तुकड्यात 'नऊ दिवस आली नाही' एवढंच आहे.

वेळेचं साधं गणित. सभागृहात माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पाच मिनिटांत पाचशेच्या आसपास. तुझं कच्चं भाषण नऊशेच्या वर आहे. ते पाच मिनिटांत बसवायला गेलीस तर धावत वाचशील, आणि नेमक्या त्या थांबायच्या जागा जातील. त्यातले सुरुवातीचे साठेक शब्द 'व्यासपीठावर उपस्थित आदरणीय' यातच गेलेत. पाहुण्यांची नावं सूत्रसंचालकानं आधीच घेतलेली असतात. "आदरणीय सर, मॅडम आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" एवढं पुरे. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेव, म्हणजे कुणाला राग येणार नाही. तुझी लिखित 'आम्हांस', 'लाभले', 'मोलाचे' ही भाषाही काढ आणि पत्रात जशी बोललीस तशी बोल. घड्याळ लावून भावंडासमोर एकदा मोठ्यानं वाच. जिथे जीभ अडखळते ते वाक्य तुझं नाही, असं समज आणि बदल.

आता शेवट. तू 'वेळेअभावी इथेच थांबते' असं लिहिलंयस. त्याऐवजी तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे जी जणू या दिवसासाठीच केलेली आहे. संस्कृत नाटक संपताना जो शेवटचा आशीर्वादाचा श्लोक म्हणतात त्याला भरतवाक्य म्हणतात. मोरोपंतांनी 'केकावली'च्या अखेरीला तसंच भरतवाक्य ठेवलं. केका म्हणजे मोराची हाक, आणि मोरोपंतांनी आपल्या नावातला मोर धरून देवाला घातलेल्या हाका त्या. तुमच्या वहीत आहे की मॅडम ते बाकावर ताल धरून म्हणून घ्यायच्या. ते पृथ्वी वृत्तात आहे, एका चरणात सतरा अक्षरं, आणि आठव्या अक्षरावर श्वास घ्यायची जागा, यती.

सुसंगति सदा घडो; | सुजनवाक्य कानी पडो;

त्या यतीवर तू थांबू शकतेस. तू म्हणायचंस 'सुसंगति सदा घडो', आणि समोरून वर्गानं उचलायचं 'सुजनवाक्य कानी पडो'. मग तू 'कलंक मतिचा झडो', वर्ग 'विषय सर्वथा नावडो'. दोनच चरण, जास्त नको. माइक खाली ठेवून म्हण, म्हणजे तुझा आवाज वर्गाच्या आवाजात मिसळेल. हे जमायला सगळ्यांना ते पाठ हवं. समारंभाआधी दोन दिवस परिपाठानंतर म्हणून बघा. पंधरा-वीस जणांचाच आवाज येत असेल आणि बाकीचे ओठ हलवत असतील, तर हा बेत सोड आणि दोन्ही चरण तू एकटीनं म्हण. अर्धवट उचललेला कोरस सभागृहात फार केविलवाणा वाटतो. आणि त्यानंतर 'धन्यवाद' म्हणू नकोस, सरळ खाली उतर.

एक काम मात्र हे सगळं लिहिण्याच्या आधीचं आहे. त्या मुलाचा किंवा त्याच्या घरच्यांचा फोन नंबर वर्गात कुणाकडे तरी असेल. त्याला फोन कर. रिकाम्या बाकाविषयी तू जे म्हणणार आहेस, ती तीन वाक्यं त्याला वाचून दाखव. त्याला नको वाटली तर काढून टाक, भाषण त्याशिवायही उभं राहील. आणि त्याच फोनमध्ये विचार, बोर्डाचा फॉर्म त्यानं जाण्याआधी भरला होता का. भरला असेल तर त्याचं हॉल तिकीट शाळेत येणार आहे. ते कधी मिळेल, पेपर कुठल्या तारखांना आहेत, तोंडी आणि प्रात्यक्षिक कधी, हे वर्गशिक्षकांना विचारून त्याला कळव. आणि ऑगस्टमध्ये वाटून घेतले होते तसे बाकाबाकांवर विषय पुन्हा वाटून घ्या. दिवाळीनंतरचं सगळं उतरवायचंय, यावेळी वह्या जाड होतील.